उस्तादच्या कानाचा आकडा

त्या सकाळी उस्तादच्या घरात भांडण झालं नाही, हीच खरी पंचाईत होती. भांडण झालं असतं तर बरं. चार शब्द इकडून, चार तिकडून, एखादं भांडं आपटलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं थंड. नवरा-बायकोचं एवढं तर चालतंच. पण बायकोने तोंडातून एक शब्दही न काढता कपाटावरची बॅग खाली घेतली, ओल्या फडक्याने पुसली आणि आपले कपडे घड्या घालून त्यात भरायला लागली.

उस्ताद बूट घालत होता. त्याने विचारलं, "हे काय?"

"ताईकडे चाललेय. संध्याकाळच्या गाडीने," ती त्याच्याकडे बघून म्हणाली.

"परत कधी?"

यावर तिने कपाटात डोकं घातलं आणि तिथूनच काहीतरी उत्तर दिलं. तोंडातल्या तोंडात. उस्तादच्या डोक्यात तिडीक गेली. बोलायचं तर धड बोलावं, नाही तर गप्प बसावं! दोन वर्षं झाली, हिचं हेच चाललेलं. लेकीचं लग्न होऊन ती सासरी गेली, घरात दोघंच उरली, आणि हिने जणू घरात आवाज काढायचाच नाही असं ठरवलं. "काय म्हणालीस?" विचारलं की वर "काही नाही, जाऊ दे" ऐकायचं. आता तर विचारणं नाही, सांगणं नाही, बॅग भरून मोकळी! सत्तावीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला किंमत पायपुसण्याची. उस्ताद बाहेर पडला. दार त्याने असं ओढलं की समोरच्या घरातली म्हातारी खिडकीत आली.

आता हा उस्ताद कोण, ते सांगायला हवं. मिसरूड फुटायच्या वयात तो पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर लागला. प्रेस म्हणजे दुमजली घराएवढं यंत्र. वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो, धाड्! आणि सपाट पत्र्याचं वाडगं होतं, झाकण होतं, कशाचं तरी कव्हर होतं. अशा चौदा प्रेस एका छपराखाली. तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी उपयोग नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. पत्रा संपला, साचा हलला, फोरमन आला, चहाला चल, प्रत्येकाची खूण ठरलेली. या खुणांच्या भाषेत उस्तादचा हात धरणारा कुणी नव्हता. कुठल्याही प्रेसचा साचा ढिला झाला की त्याला आपल्या पायाखालच्या फरशीतून कळायचं. म्हणून तर त्याला उस्ताद म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, बोलवायला कुणी वापरत नव्हतं.

त्या दिवशी प्रेस सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं होतं. वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आठवड्यापूर्वीच पाकिटांतून वाटून झाले होते, आणि आज कारखान्याच्या सिस्टर त्या रिपोर्टांतले आकडे समजावून सांगणार होत्या. फोरमनने दारातच दम भरला होता, "कुणी झोपायचं नाही. सिस्टर चिडल्या तर मला ऐकून घ्यावं लागतं."

पण सिस्टर चिडण्याच्या अवस्थेत नव्हत्या. त्या आधी वेल्डिंगवाल्यांना आणि पॅकिंगवाल्यांना हेच सगळं सांगून आल्या होत्या आणि त्यांचा घसा पार बसला होता. पन्नाशीची बाई, पायात कापडी बूट, डोळ्यांखाली काळं. हातात खडू. फळ्यापाशी एक खुर्ची होती, तिच्यावर बसावं की उभं राहावं याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि उभ्या राहिल्या.

उस्ताद पहिल्या बाकावर बसला. तो हल्ली कुठेही गेला तरी पहिल्या रांगेतच बसायचा. का, असा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. त्याच्या डोक्यात अजून बॅगच होती. संध्याकाळची गाडी. आपली पाळी दुपारी सुटते, म्हणजे घरी जाऊन तिला अडवायला वेळ आहे. पण अडवायचं कशाला? जिला राहायचंच नाही तिला धरून ठेवायला आपण काय लोहचुंबक आहोत?

"आधी रक्तदाब," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या कागदावर दोन आकडे आहेत. वरचा आकडा हृदय आकसतं तेव्हाच्या दाबाचा. खालचा हृदय सैल पडतं तेव्हाचा. दोन्ही महत्त्वाचे."

"सिस्टर, वय अधिक शंभर चालतो ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"हा हिशोब ज्याने काढला त्याला मला एकदा भेटायचंय. नाही चालत. एकशे चाळीस आणि नव्वद, याच्या वर पुन्हा पुन्हा आलं तर डॉक्टरांकडे यायचं. एकदा जास्त आलं म्हणजे लगेच आजार झाला असं नाही. रांगेत भांडून आत आलात, जिना पळत चढलात, तर वाढणारच. म्हणून परत मोजतो आपण."

मग साखर. रात्रपाळीचा एक जण उठून म्हणाला, उपाशीपोटी या म्हणालात म्हणून मी उपाशीच आलो होतो, तरी एकशे तीस? सिस्टरनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं होतं? तो म्हणाला, पहाटे डबा खाल्ला, पण घरी जाऊन काही नाही खाल्लं. सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. तुम्ही परत या." त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं की हे वाक्य त्या दरवर्षी म्हणत आल्या आहेत.

मग त्या कानावर आल्या, आणि लांबू उभा राहिला.

लांबू म्हणजे उस्तादच्या शेजारच्या प्रेसवरचा. ताडमाड उंच, आणि पोटात काही न ठेवणारा. तो रिपोर्ट हलवत म्हणाला, "सिस्टर, हा अन्याय आहे. माझ्या कानाला दहाच? आणि स्टोअरवाल्याला पस्तीस? तो दिवसभर खुर्चीत बसून खिळे मोजतो! त्याला पस्तीस आणि मला दहा?"

"मलापण दहा," दुसरा म्हणाला.

"मला तर पाच दिलेत!" तिसरा म्हणाला. "पाच म्हणजे काय, बहिरा आहे का मी?"

सगळीकडून कागद वर आले. प्रेसवाल्यांना कुणाला पाच, कुणाला दहा, फार तर पंधरा. उस्तादने आपल्या कागदाकडे पाहिलं. त्यालाही दहा होते. त्याला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण म्हटलं, असेल, आता वय झालं.

सिस्टरनी खडू खाली ठेवला. "थांबा. तुम्ही आवाज आला की बटण दाबत होतात ना?"

"प्रत्येक वेळी दाबलं!" लांबू म्हणाला. "एकसुद्धा चुकवलं नाही. तरी दहा!"

"एकही आवाज चुकला नाही?"

"कसा चुकेल? बाहेरून उस्ताद हात दाखवत होता की!"

झालं. बोलून गेला. मागच्या बाकावर कुणाला तरी हसू आवरेना. फोरमनने कपाळावर हात मारून घेतला.

त्याचं असं झालं होतं. कानाची तपासणी एका काचेच्या खोक्यात करतात. आत माणूस, त्याच्या कानावर हेडफोन, हातात बटण. बाहेर यंत्रापाशी तपासणारा बसतो. तो कानात आवाज सोडतो तेव्हा यंत्रावर एक बारका दिवा लागतो. तपासायला बाहेरच्या कंपनीचा एक तरुण आला होता. त्याला दिवसभरात शंभर माणसं उरकायची होती, त्यामुळे मागे रांगेत कोण काय करतंय हे बघायला त्याला डोळे नव्हते. मागच्या वर्षी ज्यांचे कान बरोबर आले नाहीत त्यांना सुट्टीच्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन ताटकळावं लागलं होतं. यंदा प्रेसवाल्यांनी ठरवलं, एकमेकांना पास करायचं. खुणा करण्यात त्यांच्यासारखा कोण? तपासणाऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस दिवा लागला की अंगठा हलवायचा, आतला बटण दाबायचा. उस्तादने तर अर्ध्या डिपार्टमेंटला पास केलं होतं, आणि त्याला लांबूने.

सिस्टर अखेर खुर्चीवर बसल्या.

"आठवडाभर मी त्या कंपनीशी फोनवर भांडतेय," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र बिघडलंय म्हणून. प्रेसवर वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसांचे कान ऑफिसातल्या पोरींपेक्षा तल्लख कसे, म्हणून. त्या बिचाऱ्याने यंत्र दोनदा तपासून आणलं."

"सिस्टर, मग दहा म्हणजे..." लांबूचा आवाज बारीक झाला.

"दहा म्हणजे उत्तम. ही शाळेची परीक्षा नाही. हे गुण नाहीत. आवाज किती मोठा केल्यावर तुम्हाला ऐकू आला, तो हा आकडा. दहावर ऐकू आला म्हणजे बारीकसा आवाजही पुरला. पन्नासवर आला म्हणजे पन्नासपर्यंत वाढवावा लागला. आकडा जितका मोठा तितका कान अधू. पंचवीसपर्यंत ठीक. स्टोअरवाल्यांना पस्तीस आलेत, त्यांना मी आधीच बोलावलंय."

स्टोअरवाला आठवडाभर छाती काढून फिरत होता. त्याने हळूच आपला कागद खिशात घातला.

फोरमनला वाटलं आता सिस्टर कडाडणार. पण त्या म्हणाल्या, "भांडायची ताकद नाही माझ्यात. आणि भांडून काय, कान तुमचे आहेत. एकच ऐका. गोंगाटाने कान एका दिवसात जात नाही, दुखत नाही, रक्त येत नाही. आणि गेलेला परत येत नाही. आधी जातात ते बारीक, पातळ आवाज. शब्दांच्या कडा जातात. स, फ, च, ट, सगळं एकसारखं वाटायला लागतं. बायकांचा आवाज, लहान मुलांचा आवाज आधी हरवतो. जाड आवाज येत राहतात, म्हणून माणसाला वाटतं मला तर सगळं ऐकू येतं. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. मग माणूस म्हणतो, हल्ली सगळे पुटपुटतात."

"आमच्या घरी सगळे पुटपुटतात!" मागून कुणी ओरडलं, आणि सगळं कॅन्टीन हसलं.

उस्ताद हसला नाही. सिस्टरच्या ओठांकडे बघत तो तसाच बसून राहिला.

"आज सुट्टीनंतरचा दिवस आहे," सिस्टर उठत म्हणाल्या. "कान रात्रभर विसावलेत, प्रेस अजून सुरू नाहीत. आजच्या आज निदान दोघा-तिघांची तपासणी माझ्याकडे नीट होऊ शकते. बाकीच्यांना रोज पाळीआधी बोलावीन. आधी कोण येतंय?"

"उस्ताद!" लांबूने त्याला पाठीमागून ढकललंच. "सगळ्यांना पास करणारा आधी जाऊ दे."

कारखान्यातल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सिस्टरांचं स्वतःचं जुनं यंत्र होतं आणि एक लहानसं काचेचं खोकं. आधी त्यांनी बारक्या दिव्याने दोन्ही कानांत बघितलं. "मळ नाही," म्हणाल्या. मग त्याला आत बसवलं, भिंतीकडे तोंड करून. "मागे वळायचं नाही, हं. इथे तुमचं कुणी नाही."

दार बंद झालं. सुरुवातीला घुम्म, घुम्म असे जाड आवाज आले. उस्तादने झटाझट बटण दाबलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बघा, येतंय की ऐकू! मग आवाज जरा पातळ झाले, उशिरा यायला लागले. मग काहीच नाही. तो वाट बघत बसला. त्याच्या कानात नेहमीची शिट्टी वाजत होती, ती काय कायमचीच. बराच वेळ गेला. सिस्टरशी बाहेर कुणीतरी बोलायला आलं असणार, असं त्याला वाटलं. राहवेना म्हणून त्याने मान वळवली.

सिस्टर एकट्याच होत्या. त्यांचं बोट बटणावर दाबलेलं होतं. यंत्रावरचा दिवा लागलेला होता. आणि उस्तादच्या कानात काहीही नव्हतं.

त्यांची नजरानजर झाली. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं बोटाने भिंत दाखवली. तो परत वळला, डोळे मिटले, आणि खूप वेळाने, फार लांबून, एक सुईएवढा आवाज आला. त्याने बटण इतकं जोरात दाबलं की अंगठा दुखला.

बाहेर आल्यावर सिस्टरनी कागद त्याच्यापुढे सरकवला. ठिपके एका रेघेने जोडलेले होते. डावीकडे रेघ वर होती आणि उजवीकडे जाता जाता विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. "जाड आवाजाला पंचवीस. मधल्याला पंचेचाळीस. बारीक आवाजाला पंचाहत्तर. दोन्ही कान जवळजवळ सारखेच."

"पंचाहत्तर," उस्ताद म्हणाला. "मगाशी हे ऐकलं असतं तर पेढे वाटले असते मी." तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. "सिस्टर, एक विचारू? घरात एखादं माणूस दोन वर्षं पुटपुटतच असेल तर?"

"कोण पुटपुटतं?"

"बायको."

सिस्टरनी टेबलावरची फाइल उचलून तोंडासमोर धरली. फाइलमागून काहीतरी आवाज आला. मग त्यांनी फाइल खाली घेतली. "काय ऐकलंत?"

"काहीतरी पुटपुटलात."

"मी विचारलं, तुम्हाला मुलं किती? नेहमीच्या आवाजात विचारलं."

उस्तादने मान वर केली. भिंतीवरचं घड्याळ चाललेलं दिसत होतं. पूर्वी त्याची टिकटिक यायची का, हे त्याला आठवेना.

"स्वयंपाकघरात नळ चालू असतो," सिस्टर म्हणाल्या, "बाई पाठमोरी असते, पाठमोरीच बोलते. तुम्हाला तोंड दिसत नाही. तोंड दिसलं की तुम्हाला कळतं, म्हणून तुम्हाला वाटतं कान ठीक आहे आणि तीच मुद्दाम करते. मला सांगा, कळलं नाही की तुम्ही काय करता?"

"काय करणार? एकदा विचारतो, दोनदा विचारतो. मग माणसं चिडतात. मग आपलं हो म्हणून टाकतो."

"सगळे तेच करतात," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे चोळले. त्या खरोखरच फार दमल्या होत्या. "मी कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. कानातलं यंत्र लावलं तर बरंच कळायला लागेल, पूर्वीसारखं नाही, पण बरंच. आणि गळ्यात ते प्लग लटकवून वर कानात कापसाचे बोळे घालता ना, ते बंद करा. कापसाने काही अडत नाही. उरलंय ते तरी वाचवा."

"नोकरी?"

"नोकरी जाईल असं नाही वाटत. जागा बदलतील कदाचित. ते डॉक्टर ठरवतील, मी उगाच शब्द देणार नाही."

उस्तादला वाटलं होतं की नोकरीचं ऐकून आपल्या पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. त्याचं सगळं चित्त त्या बॅगेत होतं.

ती पाळी त्याने कशी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक. कानावर हेडफोनसारखे जाड मफ चढवले होते आणि प्रेसची धाड् त्यातून गादीत बुक्का मारल्यासारखी येत होती. दोन वर्षांतलं एकेक त्याला आठवत होतं. टीव्हीचा आवाज ती कमी करायची, तो वाढवायचा, मग ती उठून आतच निघून जायची. लेकीचा फोन आला की तो दोन मिनिटांत "हं, घे आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात कोंबायचा. लेकीला वाटत असेल, बाबांना माझ्याशी बोलायचंच नाही. आणि आपण? आपण लांबूजवळ बायकोची नालस्ती करत बसलो! चूक आपल्या कानाची, आणि शिक्षा तिला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की चहाची खूण आली तरी तो जागेवरून हलला नाही.

पाळी सुटली तसा तो घराकडे निघाला. पळावंसं वाटत होतं, पण गुडघे पळण्यातले राहिले नव्हते. कोपऱ्यावरून वळताना त्याच्या मनात आलं, ही आधीच्या गाडीने गेली असली तर? आणि मग तो पळालाच, लंगडत, डबा एका हातात, कागद दुसऱ्या हातात. समोरची म्हातारी पुन्हा खिडकीत आली.

बॅग दाराशी उभी होती. बायको आत भांडी घासत होती. जाता जाताही घर लख्ख करून जाणार, ती तशीच आहे. उस्तादने आत जाऊन नळ बंद केला. ती दचकली.

"माझ्या कानाचा आकडा पंचाहत्तर आला," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "चांगलाय."

"चांगला नाही! वाईट आहे. जितका मोठा तितका वाईट. मला बायकांचा आवाज नीट येतच नाही. सिस्टर म्हणाल्या." तो कागद तिच्यापुढे धरून उभा राहिला. तिचे हात ओले, म्हणून तिने तो नुसता बघितला. "तू पुटपुटत नव्हतीस. तू बोलतच होतीस. मलाच येत नव्हतं."

तिने हात पुसले. स्टूल ओढून ती बसली. बराच वेळ ती त्या खाली खाली जाणाऱ्या रेघेकडे बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "मग त्या दिवशी तुम्ही हो कशाला म्हणालात?"

"कुठल्या दिवशी?"

"मी इथे उभी होते, तुम्ही तिथे पेपर वाचत होतात. मी विचारलं, अहो, मी ताईकडेच जाऊन राहिले, परत नाही आले, तर चालेल का तुम्हाला? तुम्ही पेपरातून डोकंही वर काढलं नाहीत. म्हणालात, हो."

उस्तादने दाराशी उभ्या बॅगेकडे पाहिलं.

"मला वाटलं, लक्ष नसेल. म्हणून चार दिवसांनी परत विचारलं. तुम्ही म्हणालात, हो हो. तिसऱ्यांदा विचारायची मला छाती झाली नाही."

"अगं, मला ऐकू नव्हतं आलं गं!"

"पण मला आलं ना," ती म्हणाली. "मला तर दोन्ही वेळा नीट ऐकू आलं."

तेव्हा मात्र उस्तादला रडू फुटलं. पन्नास वर्षांचा बाप्या माणूस, हातात पत्र्याने कापल्याचे वण, तो ओट्याला टेकून लहान पोरासारखा रडला. "विचार," तो म्हणत होता, "आता विचार ना परत. आता विचार."

"आता नाही विचारत. दमले मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर उस्तादला परवडला असता. ती उठली, ओट्याकडे वळली, भांडी पालथी घालायला लागली आणि तशीच पाठमोरी काहीतरी बोलली.

उस्तादच्या ओठांवर सवयीने "हो" आलंच होतं. त्याने ते गिळलं. डोळे बाहीला पुसले, ओटा आणि ती यांच्यामधल्या वीतभर जागेत तो कसाबसा घुसला आणि तिच्या अगदी समोर उभा राहिला.

"काय म्हणालीस? मला नाही ऐकू आलं."

तिने त्याच्याकडे बघितलं.

"म्हटलं, गाडी चुकेल."

"चुकू दे," उस्ताद म्हणाला.

ती काही बोलली नाही. खरंच काही बोलली नाही. तो तिच्या ओठांकडेच बघत होता.